काट मारल्यावर काय उरते?

गेल्या वर्षी जुलै महिन्यात नववीच्या वर्गात माझ्या हातून फळ्यावर एक चूक झाली. बहुपदींचे प्रकरण सुरू करण्याआधी आठवीतल्या अवयवांची उजळणी घ्यावी म्हणून मला (x² − 9)/(x + 3) हे उदाहरण द्यायचे होते. (छपाईच्या सोयीसाठी अपूर्णांकाची आडवी रेघ येथे तिरपी काढली आहे. तिच्या डावीकडे अंश, उजवीकडे छेद.) घाईत वजाऐवजी अधिकचे चिन्ह पडले आणि फळ्यावर उमटले (x² + 9)/(x + 3). वर्गाकडे पाठ करून मी तारीख लिहीत होते, तेवढ्यात मागून उत्तर आले, "x अधिक तीन!" एकाने सांगितले, बाकीच्यांनी री ओढली. वळून फळ्याकडे पाहिले तेव्हा चूक माझ्या लक्षात आली. पण खरी काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. x² + 9 चे आपल्याला ठाऊक असलेल्या संख्यांत अवयव पडत नाहीत. त्या अपूर्णांकाला आणखी सरळ रूप नाही. तरीही "बाई, हे होत नाही" असे कोणीही म्हणाले नाही.

मी उदाहरण तसेच ठेवले आणि x च्या जागी 10 घालायला सांगितले. अंश 109, छेद 13. मुलांचे उत्तर x + 3, म्हणजे 13. पण 13 तेरा वेळा घेतले तर 169 होतात, 109 नव्हेत. वर्ग गप्प झाला. मधल्या सुट्टीत एक मुलगी आठवीची वही घेऊन आली. अभ्यासात बरी, अक्षर नेटके. वहीत (x² − 9)/(x − 3) = x + 3 असे एका ओळीत लिहिलेले होते, आणि पुढे माझी लाल बरोबरची खूण व पूर्ण गुण. "बाई, मी आजसुद्धा असंच केलं. मग तेव्हा बरोबर कसं दिलंत?"

वही नीट पाहिली. x² च्या 2 वर बारीक काट होती, छेदातल्या x वर काट होती, 9 आणि 3 वर काट होती आणि 9 च्या डोक्यावर लहानसा 3 होता. अवयव कुठेच पाडलेले नव्हते. तिने वरच्या x² ला खालच्या x ने भागले, वरच्या −9 ला खालच्या −3 ने भागले आणि दोन्ही उत्तरे जोडली. उत्तर बरोबर आले, म्हणून मीही पुढे गेले. हा लेख त्या वहीमुळे सुरू झालेल्या शोधाचा आहे.

प्रथम मला हे पाहायचे होते, की चुकीच्या रीतीने बरोबर उत्तर येणे हा योगायोग होता काय. तो योगायोग नव्हता. दोन वर्गांच्या वजाबाकीचे सूत्र असे, की a² − b² = (a + b)(a − b). म्हणून (a² − b²)/(a − b) चे खरे उत्तर a + b. आता मुलीची रीत लावा. a² भागिले a म्हणजे a, आणि −b² भागिले −b म्हणजे +b. उत्तर तेच, a + b. छेदात a + b घेतले तरी −b² भागिले +b म्हणजे −b, आणि a − b हे बरोबर उत्तर मिळते. म्हणजे या जातीचे कुठलेही उदाहरण घ्या, चुकीची रीत दर वेळी बरोबर उत्तर देणारच. आणि सरळ रूप शिकवताना आपण सुरुवातीला याच जातीची उदाहरणे सर्वांत जास्त देतो, कारण ती सोपी आणि सुबक असतात. वर्षभर मी मुलांना जी परीक्षा देत होते तिच्यात ही चूक पकडली जाणेच शक्य नव्हते.

असा प्रकार पूर्वीही नोंदला गेला आहे. स्टॅनले एर्लवँगर या संशोधकाने १९७३ साली अमेरिकेतल्या सहावीतल्या एका मुलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. लेखात त्या मुलाला बेनी असे नाव दिले आहे. बेनी बारा वर्षांचा, स्वतःच्या गतीने पुढे जाण्याच्या पद्धतीत शिकणारा आणि गणितात चांगला समजला जाणारा. एर्लवँगर त्याच्याशी बोलत बसले तेव्हा कळले, की 2/10 हा अपूर्णांक तो दशांशात 1.2 असा लिहितो, आणि त्यामागे त्याचा स्वतःचा एक नियम आहे. उत्तरपत्रिकेशी जुळणारे उत्तर काढणे हाच त्याच्या लेखी गणिताचा अर्थ झाला होता. माझ्या वर्गातही बेनी होते आणि त्यांना पूर्ण गुण मी दिलेले होते.

तेव्हा ठरवले, की आधी पुन्हा शिकवायचे नाही. आधी नेमके काय चालले आहे ते बघायचे. पाच उदाहरणांची एक चिठ्ठी केली. उदाहरणे निवडताना एकच कसोटी ठेवली, की चुकीची रीत वापरली तर उत्तर वेगळेच आले पाहिजे, आणि शक्यतो कोणती चुकीची रीत वापरली हेही त्या उत्तरावरून कळले पाहिजे. पहिले उदाहरण 6x/9x. ते फक्त धीर येण्यासाठी. दुसरे (x + 6)/(x + 3), तिसरे (3x + 6)/3, चौथे (x + 3)/(x² + 5x + 6) आणि पाचवे (x² + 5x + 6)/(x² + 7x + 10). गुण नाहीत, वेळेचे बंधन नाही, खोडरबर वापरायचे नाही. खोडरबराची बंदी महत्त्वाची, कारण माझे सगळे लक्ष काटांवर होते.

घरी चिठ्ठ्या तपासताना बरोबर-चूक असे दोन गठ्ठे केले नाहीत. सारख्या उत्तरांचे गठ्ठे केले. पहिल्या उदाहरणात जवळजवळ सगळे बरोबर. दुसऱ्यात मात्र गंमत होती. (x + 6)/(x + 3) हे आहे तसेच ठेवायचे, पण सर्वांत जाड गठ्ठा 2 या उत्तराचा झाला, आणि त्याच्या निम्म्याने 3 या उत्तराचा. वरकरणी दोन्ही चूक. पण दुसऱ्या दिवशी काही मुलांना एकेकटे बोलावून "मोठ्याने बोलत सोडव" म्हटले तेव्हा फरक कळला. 2 लिहिणारा मुलगा म्हणाला, "वर x, खाली x, दोन्ही उडाले. तीन एके तीन, तीन दुणे सहा. उरले दोन." 3 लिहिणारी म्हणाली, "x भागिले x एक. सहा भागिले तीन दोन. एक आणि दोन तीन." या मुलीला x भागिले x म्हणजे 1 हे पक्के ठाऊक आहे. तिची अडचण एवढीच, की बेरजेला बेरजेने भागताना पदाला पद असे वेगवेगळे भागता येते असे तिला वाटते. मुलाच्या डोक्यात मात्र भागाकारच नाही. त्याच्याकडे "उडणे" आहे. उडाले म्हणजे गेले, काही उरले नाही.

चौथ्या उदाहरणाने हे आणखी स्पष्ट केले. x² + 5x + 6 म्हणजे (x + 2)(x + 3). अंशात x + 3 आहे. म्हणून उत्तर 1/(x + 2). बऱ्याच मुलांनी अवयव बरोबर पाडले, x + 3 वर काटही बरोबर मारली आणि उत्तर लिहिले x + 2. वर काही उरलेच नाही, मग रेघ कशाला? दोघांनी तर 0/(x + 2) लिहिले आणि पुढे शून्य केले. अवयवांचे गणित बिनचूक, काट योग्य जागी, तरी उत्तर चूक. चूक एकाच प्रश्नाच्या उत्तरात होती. काट मारल्यावर त्या जागी काय उरते?

येथे मला माझ्याच बोलण्याकडे पाहावे लागले. वर्गात मी "काटा", "उडवा", "गेले" हे शब्द दिवसातून कितीदा वापरते? समीकरण सोडवताना x + 6 = x + y असे आले की मी दोन्ही बाजूंच्या x वर काट मारते आणि "गेले" म्हणते. तेथे मी दोन्ही बाजूंतून x वजा केलेला असतो. त्या जागी 0 उरतो, आणि बेरजेत 0 लिहिला नाही तरी बिघडत नाही. 7x − 7x आले की पुन्हा काट, पुन्हा 0. आणि 3x/3y मध्ये 3 वर काट मारते तेव्हा मी भागलेले असते. त्या जागी 1 उरतो. गुणाकारातला 1 लिहिला नाही तरी चालतो, पण अंशात एकटाच उरला तर लिहावाच लागतो. वजाबाकी आणि भागाकार अशा दोन वेगळ्या क्रिया, पण पेन्सिलीची तिरपी रेघ एकच आणि तोंडचा शब्दही एकच. मुलांनी दोन क्रियांचा एकच नियम बनवला. वर-खाली किंवा इकडे-तिकडे सारखे दिसले की उडवायचे. हा निष्काळजीपणा नव्हे. जे ऐकले, पाहिले त्यावरून काढलेला तो अगदी रास्त निष्कर्ष आहे.

मॅरिलिन मॅट्झ यांनी १९८० साली बीजगणितातल्या चुकांवर लिहिताना हीच गोष्ट दाखवली होती. (Ax + By)/(x + y) याचे उत्तर A + B असे लिहिणारी मुले आंधळेपणाने चुकत नाहीत. Ax/x = A हा बरोबर नियम ती ओळखीच्या जागेवरून अनोळखी जागी नेतात. नियम खरा असतो, त्याची हद्द ठाऊक नसते.

तिसरे उदाहरण, (3x + 6)/3, या हद्दीवरच बसले आहे. बरोबर उत्तर x + 2. ज्यांनी चुकले त्यांनी बहुतेक x + 6 लिहिले. खालच्या 3 ने वरच्या 3x मधला 3 काटला आणि 6 ला हात लावला नाही. पण ज्यांचे बरोबर आले त्यांतल्या अनेकांनी अवयव न पाडता दोन्ही पदांना 3 ने भागले होते, आणि ते पूर्णपणे योग्य आहे. सहा रुपये आणि तीन पेरू तिघांत वाटायचे तर रुपयेही वाटावे लागतात आणि पेरूही. छेद एकपदी असेल तेव्हा अंशाच्या प्रत्येक पदाला तो वाटता येतो. म्हणून "पदे कधीही काटू नयेत" असा जो फलक मी तोवर वर्गात लावून ठेवला होता, तो काढून टाकला. तो खोटा होता, आणि हुशार मुलांना तो खोटा आहे हे कळत होते.

पाचव्या उदाहरणात एक वेगळीच चूक दिसली. योग्य रीतीने अवयव पाडले तर (x + 2)(x + 3) भागिले (x + 2)(x + 5), आणि उत्तर (x + 3)/(x + 5). येथवर अनेक जण नीट आले. मग त्यांनी उरलेल्या x वरही काट मारली आणि 3/5 लिहिले. बरोबर उत्तर हातात आल्यावर ते पुढे चालत गेले. कारण "सरळ रूप द्या" याचा अर्थ त्यांच्या लेखी "जमेल तितके लहान करा" असा होता, आणि 3/5 हे (x + 3)/(x + 5) पेक्षा निश्चितच लहान दिसते. कुठे थांबायचे हे मी त्यांना कधी शिकवलेच नव्हते.

आता पुन्हा शिकवण्याचा विचार. आमची तासिका ३५ मिनिटांची, हजेरी आणि सूचना वजा जाता तीस मिनिटे हाती लागतात. शिक्षकाला पहिला मोह होतो तो अवयवांचे अख्खे प्रकरण पुन्हा घेण्याचा. तो मी टाळला, कारण चिठ्ठ्या स्पष्ट सांगत होत्या, की बहुतेकांना अवयव पाडता येतात. चूक त्यानंतर किंवा त्याआधी होते. दुसरा मोह सगळे गठ्ठे एकाच तासात निपटण्याचा. तोही टाळला. (x − 4)/(4 − x) सारख्या चिन्हांच्या भानगडी वेगळ्या तासासाठी ठेवल्या. या तासाला एकच प्रश्न घ्यायचा ठरवले, की समोर दिसणारी राशी बेरीज आहे की गुणाकार?

हे ओळखण्यासाठी मुलांना एक पडताळा हवा होता. "अवयव" आणि "पद" या व्याख्या त्यांना पाठ होत्या, पण वापरता येत नव्हत्या. म्हणून मी "शेवटची क्रिया" विचारायचे ठरवले. x ला 10 ही किंमत दिली आणि राशीची किंमत हाताने काढायला घेतली, तर सर्वांत शेवटी कोणती क्रिया कराल? x + 6 मध्ये शेवटी बेरीज. 3(x + 2) मध्ये आधी कंसातली बेरीज, मग शेवटी गुणाकार. x² + 5x + 6 मध्ये शेवटी बेरीज. (x + 2)(x + 3) मध्ये शेवटी गुणाकार. अंश आणि छेद दोन्हींत शेवटची क्रिया गुणाकार असेल तरच त्यांच्यातला सारखा घटक काटता येतो. एखादी राशी अख्खीच सारखी असेल, जशी चौथ्या उदाहरणात x + 3, तर तिला 1 ने गुणले आहे असे समजायचे. एवढाच पडताळा, आणि तो अंकगणितातलाच असल्यामुळे कुणालाही करता येतो.

तासाची सुरुवात मी 16/64 या अपूर्णांकाने केली. फळ्यावर दोन्हीकडच्या 6 वर काट मारली आणि 1/4 लिहिले. मुले हसली. मग कोणीतरी सोळा चोक चौसष्ट केले आणि हसणे थांबले, कारण उत्तर खरोखर 1/4 आहे. "मग ही रीत बरोबर का?" मी 13/34 दिले. 3 वर काट मारून पुन्हा 1/4 येते, पण तेरा चोक बावन्न, चौतीस नव्हेत. दोन अंकी संख्यांत अशी फसवी जमणारी उदाहरणे 16/64, 19/95, 26/65 आणि 49/98 ही चारच (11/22 सारखी उघड उदाहरणे सोडून). पाच मिनिटे यात गेली, पण वायफळ गेली नाहीत. उत्तर जुळले म्हणजे रीत खरी ठरत नाही, हे आता मला सांगावे लागणार नव्हते. लगेच (x² − 9)/(x − 3) ची ती जुनी ओळ मी नाव न घेता फळ्यावर लिहिली आणि शेजारी (x² + 9)/(x + 3). ही बीजगणितातली 16/64, एवढेच म्हणाले.

पुढची सात-आठ मिनिटे काट म्हणजे काय यावर घालवली. 6/15 हे (2 × 3)/(5 × 3) असे लिहिले, मग ते 2/5 × 3/3 असे फोडले, आणि 3/3 च्या खाली 1 लिहिला. काट ही या 1 ची खूण. ज्या काटेखाली 1 लिहिता येत नाही ती काट मारायची नाही. त्या दिवसापुरते मी प्रत्येक काटेजवळ लहानसा 1 लिहायची सक्ती केली आणि "उडाले" हा शब्द स्वतःलाही बंद केला. "भागिले, एक उरला" असे म्हणायचे. पहिल्या दहा मिनिटांत माझीच जीभ तीनदा घसरली आणि मुलांनी दर वेळी मला पकडले.

येथे एका मुलाने विचारले, "बाई, (x + 6)/(x + 3) मधून x/x बाहेर काढता येणारच नाही का?" प्रश्न मोलाचा होता. मी काढून दाखवला. x + 6 म्हणजे x गुणिले (1 + 6/x), आणि x + 3 म्हणजे x गुणिले (1 + 3/x). आता शेवटची क्रिया गुणाकार झाली, x/x चा 1 झाला (x शून्य नाही असे धरून), आणि उरले (1 + 6/x)/(1 + 3/x). काट मारता आली, पण राशी सरळ होण्याऐवजी वाकडी झाली. मुख्य म्हणजे 6 आणि 3 होते तसे राहिले नाहीत, त्यांच्याखाली x येऊन बसला. x ने भागायचे तर सगळ्यांनाच भागावे लागते, हे त्या ओळीत जितके लख्ख दिसले तितके माझ्या कुठल्या वाक्यात दिसले नसते.

मग जोडीजोडीने कार्डे दिली. प्रत्येक जोडीला सहा. (x + 5)/5x, (5x + 10)/5x, 5(x + 2)/5x, (x + 2)(x − 1)/(x + 2), (x² + 2)/(x + 2) आणि (x² − 4)/(x + 2). सोडवायचे नाही, फक्त तीन ढीग करायचे. लगेच काटता येईल, आधी अवयव पाडावे लागतील, काटता येणारच नाही. सोडवायचे नाही म्हटल्यावर मुलांचे हात थांबतात आणि डोळे कामाला लागतात. सर्वांत जास्त भांडणे (x + 5)/5x वरून झाली. खाली 5 दिसतो, वर 5 दिसतो, पण वरची शेवटची क्रिया बेरीज. 5(x + 2)/5x मध्ये 5 काटल्यावर (x + 2)/x उरते आणि तेथे पुन्हा x खुणावतो. एका जोडीने x काटून 2 लिहिले, शेजारच्या जोडीने त्यांना "शेवटची क्रिया काय?" एवढेच विचारले, आणि त्यांनी ते खोडले.

ताळा कसा करायचा हे शेवटी सांगितले, आणि त्यातला सापळाही. मुले x ला किंमत देताना हमखास 0 घेतात, कारण हिशेब सोपा. पण (x + 6)/(x + 3) मध्ये x ला 0 दिला तर 6/3 म्हणजे 2, अगदी चुकीच्या उत्तराइतकेच! (x² + 9)/(x + 3) मध्येही 0 दिला तर 3 येतो आणि चुकीच्या x + 3 शी जुळतो. कारण उघड आहे. x शून्य झाला की x ची पदे खरोखरच नाहीशी होतात, आणि पदे नाहीशी करणे हीच तर ती चूक. म्हणून 0 हा या चुकीचा खोटा साक्षीदार. 10 बरा. आकडे मोठे होतात, पण दशमानामुळे तोंडी निघतात. पाचव्या उदाहरणात x ला 10 दिला की 156/180, म्हणजे 13/15, आणि (x + 3)/(x + 5) चेही 13/15. 3/5 लिहिणाऱ्याला तेथेच कळते. अर्थात छेद शून्य करणारी किंमत घ्यायची नाही. छेदात x − 10 असेल तर 10 नको.

तास संपताना प्रत्येकाने एका कागदावर दोन उदाहरणे सोडवून दिली, (x² + 4)/(x + 2) आणि (2x + 10)/(x² + 7x + 10). पहिल्याने मला समाधान दिले. बहुतेकांनी "सरळ रूप होत नाही" लिहिले, काहींनी पुढे "शेवटची क्रिया बेरीज" असे कारणही दिले. दुसऱ्याने मात्र माझ्या योजनेतले भोक दाखवले. बरोबर उत्तर 2/(x + 2), कारण अंश 2(x + 5) आणि छेद (x + 2)(x + 5). पण आता चांगली सात-आठ मुले तेथेही थांबली होती. "वर बेरीज, खाली बेरीज, काटता येत नाही." पूर्वी जी नको तेथे काटत होती तीच आता हवे तेथेही काटेनात. दोष माझा होता. शेवटची क्रिया बेरीज असेल तर थांबा, असे मी सांगितले. बेरजेचा गुणाकार करता येतो का ते आधी पाहा, हे कार्डांच्या दुसऱ्या ढिगात होते, पण मी त्यावर पुरेसे बोलले नाही. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटे काढून तेवढेच केले. फळ्यावर बेरजा लिहायच्या आणि कोणत्या गुणाकारात बदलता येतात, कोणत्या नाही, एवढेच विचारायचे.

पंधरवड्यानंतर समीकरणे आणि सरळ रूपे यांची सरमिसळ असलेली चिठ्ठी दिली. नुसत्या अपूर्णांकांत जुनी चूक थोड्यांचीच राहिली होती, पण समीकरणात अपूर्णांक आला की ती पुन्हा डोके वर काढत होती. बरोबरच्या चिन्हाच्या दोन बाजू आणि रेघेच्या दोन बाजू यांची गल्लत एका तासात सुटत नाही. यंदा समीकरणे शिकवताना मी काट न मारता दोन्ही बाजूंना "वजा x" असे पूर्ण लिहिते. फळा लवकर भरतो आणि अभ्यासक्रम थोडा मागे पडतो. तो हिशेब मी मुख्याध्यापकांना दिला आहे.

चाचणीच्या प्रश्नपत्रिकेत (x² − 9)/(x − 3) अजून असते, फक्त आता "अवयव दाखवून" असे लिहिलेले असते, आणि दोनांपैकी एक गुण अवयवांच्या ओळीला. ती मुलगी दिवाळीच्या सुट्टीआधी आठवीची वही पुन्हा घेऊन आली आणि जुन्या गुणांचे काय, असे विचारू लागली. गुण कापू की राहू देऊ, मलाही कळेना. शेवटी त्या लाल खुणेशेजारी लिहिले, "उत्तर बरोबर, रीत तेव्हा बाईंनी पाहिली नाही", आणि खाली सही केली. तिने ते वाचले, पेन्सिल काढली, आणि माझ्या सहीखाली (x + 3)(x − 3) ची राहिलेली ओळ लिहून काटेजवळ छोटा 1 घातला.